एकाच दिवसाचे दोन रिपोर्ट : पाळी गेलेल्या आईचे आणि गरोदर लेकीचे कोलेस्टेरॉल

मासुंदाकाठ (ठाणे)

नमस्कार. माझे वय ५३ असून पाळी जाऊन आता दीड वर्ष झाले. माझी लेक पहिल्या बाळंतपणासाठी पुण्याहून माहेरी आली आहे आणि तिला ३१वा आठवडा चालू आहे. गेल्या आठवड्यात मी घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका लॅबचे तपासण्यांचे पॅकेज घेतले. दुसऱ्या व्यक्तीसाठी अर्ध्या दरात तपासणी होती, म्हणून लेकीचेही रक्त दिले. तिच्या डॉक्टरीणबाईंनी ही तपासणी सांगितलेली नव्हती.

दोघींच्याही रिपोर्टात आकडे ठळक अक्षरांत छापून आले आहेत. माझे एकूण कोलेस्टेरॉल २४४, ट्रायग्लिसराइड १६८, एचडीएल ४९ आणि एलडीएल १६१ आहे. लेकीचे एकूण २६८, ट्रायग्लिसराइड २६२, एचडीएल ६४ आणि एलडीएल १५२ आहे. दोन वर्षांपूर्वी माझे एलडीएल १३२ होते. लेकीचे लग्नाआधी सगळे आकडे ठीक होते, साखर आताही ठीक आहे.

इमारतीखालच्या औषधाच्या दुकानातील मुलाने रिपोर्ट पाहून सांगितले की अ‍ॅटोरव्हास्टॅटिन १० ची गोळी रात्री एक, दोघींनाही चालेल. मी गोळ्या आणलेल्या नाहीत. परंतु लेकीचा आकडा माझ्याहून मोठा असताना मी गप्प बसणे योग्य आहे का, आणि मला तरी गोळीची गरज आहे का, हे जाणून घ्यायचे आहे.

उपवन_फेरी (ठाणे)

माझेही एलडीएल १५८ होते. तेल निम्म्यावर आणले, रोज सकाळी तलावाला चार फेऱ्या मारू लागलो आणि सहा महिन्यांत १२१ झाले. मी ६१ वर्षांचा आहे. आपणही दोघींनी गोळीच्या मागे न लागता महिनाभर तूप, खोबरे आणि शेंगदाणे पूर्ण बंद करून पाहावे.

सीवूड्सकर (नवी मुंबई)

काका, आपला अनुभव पाळी आणि गरोदरपण या दोन्हींच्या बाहेरचा आहे. एकतिसाव्या आठवड्यातील मुलीचे तूप, खोबरे आणि दाणे एकदम बंद करा असे कोणीही परस्पर सांगू नये. तिच्या पोटातील बाळ याच आठवड्यांत अंग धरत असते.

कळवा_पूल

लेकीला ती गोळी मुळीच देऊ नका. स्टॅटिनमुळे बाळात व्यंग येते हे सिद्ध झालेले आहे. माझ्या मावसबहिणीने दिवस गेल्याचे कळण्याआधी ही गोळी घेतली होती, तेव्हा तिला ओळखीतल्या एकांनी गर्भ पाडण्याचाच सल्ला दिला होता.

पारसिकपार (ऐरोली)

मी तीस वर्षे रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम केले आहे आणि अशा रिपोर्टांवर सही करण्याचे काम माझेच होते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आधी लेकीचा रिपोर्ट. ठळक अक्षर छापणाऱ्या संगणकाला समोरची व्यक्ती गरोदर आहे हे माहीत नसते. तिच्या आकड्याशेजारी जी मर्यादा छापलेली असते ती गरोदर नसलेल्या माणसाची असते. गरोदरपणात पहिल्या काही आठवड्यांत हे आकडे किंचित उतरतात आणि मग चढत जातात. शेवटच्या तीन महिन्यांत एकूण कोलेस्टेरॉल आणि एलडीएल साधारण पाव ते निम्म्या पटीने वाढलेले असते, तर ट्रायग्लिसराइड दुप्पट ते चौपट होणे नेहमीचेच आहे. लग्नाआधी त्यांचे ट्रायग्लिसराइड १०० च्या आसपास असेल, तर आजचे २६२ हे अपेक्षेप्रमाणेच आहे.

ही वाढ म्हणजे शरीराची चूक नाही. गरोदरपणाच्या पूर्वार्धात आई चरबी साठवते आणि उत्तरार्धात तीच चरबी मोकळी करून स्वतःची गरज भागवते, म्हणजे साखर बाळासाठी शिल्लक राहते. इस्ट्रोजेन वाढल्यामुळे यकृत जास्त चरबी रक्तात सोडते आणि ती रक्तातून उचलणारे विकर त्या काळात मंदावते. वारेला प्रोजेस्टेरॉन तयार करण्यासाठी जो कच्चा माल लागतो तो आईच्या रक्तातील कोलेस्टेरॉलच असतो. जे कोलेस्टेरॉल गर्भ टिकवण्याच्या कामात वापरले जात आहे, ते उतरवण्यासाठी गोळी देण्याचे कारण नाही. शिवाय हृदयाच्या धमन्यांतील साठा वर्षानुवर्षांनी होतो. काही महिने एलडीएल १५२ राहिल्याने त्यात मोजण्यासारखा फरक पडत नाही.

कळवा_पूल यांचा निष्कर्ष बरोबर आहे, पण त्यांनी दिलेले कारण बरोबर नाही. पूर्वी स्टॅटिन गरोदरपणात पूर्ण निषिद्ध औषधांत धरले जात होते. ती भीती मुख्यतः प्राण्यांवरील प्रयोगांतून आणि काही तुरळक नोंदींतून आली होती. नंतरच्या निरीक्षणांत व्यंगाचे प्रमाण स्पष्टपणे वाढलेले दिसले नाही. म्हणून जुलै २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी तो सरसकट निषेध काढण्यास सांगितले, मात्र बहुतेक स्त्रियांनी गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना ही गोळी बंदच ठेवावी, हा सल्ला कायम ठेवला. गोळी चुकून घेतली गेली तर ती थांबवायची आणि डॉक्टरांना कळवायचे. त्या एका कारणासाठी गर्भ पाडण्याची गरज नसते.

आपल्या स्वतःच्या रिपोर्टाबद्दल मला आधी काही विचारायचे आहे. रक्तदाब किती असतो? थायरॉइडची तपासणी शेवटची कधी झाली? घरात कोणाला लहान वयात हृदयविकार झाला होता का? आणि आपल्या स्वतःच्या बाळंतपणात काही त्रास झाला होता का?

नेरूळ_पश्चिम

पारसिकपारताईंच्या शेवटच्या मुद्द्याला माझा अनुभव जोडते. आमच्या घरात कोलेस्टेरॉलचा आजार वंशाने आलेला आहे. आजोबा ४२व्या वर्षी झटक्याने गेले, आणि माझे एलडीएल गोळीशिवाय २४० असे. रोसुव्हास्टॅटिन चालू असतानाच मला दिवस राहिले आणि ते सातव्या आठवड्यात कळले. मी दोन रात्री झोपले नाही. डॉक्टरांनी गोळी त्याच दिवशी बंद केली आणि पाचव्या महिन्यातील सोनोग्राफी बारकाईने करून घेतली. मुलगा आता चार वर्षांचा आहे आणि उत्तम आहे.

गोळी बंद असताना आठव्या महिन्यात माझे एलडीएल ३२० पर्यंत गेले होते. तेव्हा मला कोलेस्टिरामिनची पूड दिली होती. ती आतड्यातच राहते, रक्तात जात नाही, म्हणून बाळापर्यंत पोहोचत नाही. पण तिने पोट घट्ट होते आणि जीवनसत्त्वे नीट शोषली जात नाहीत. ट्रायग्लिसराइड आधीच जास्त असेल तर ती पूड आणखी वाढवते, असेही मला सांगितले होते. आता दुसऱ्या वेळेस मी आधी डॉक्टरांना विचारून, गोळी थांबवून मगच प्रयत्न करणार आहे.

मासुंदाकाठ (ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. लेकीच्या बाबतीत जीव थोडा भांड्यात पडला.

ताई, आपल्या प्रश्नांची उत्तरे देते. रक्तदाब मागच्या वेळी १३८/८६ होता, गोळी चालू नाही. थायरॉइडची तपासणी चार वर्षांपूर्वी झाली होती आणि ती ठीक होती. वडिलांना ७० नंतर हृदयविकार झाला. बाळंतपणाचा प्रश्न आपण का विचारलात ते कळले नाही, पण १९९७ मध्ये लेकीच्या वेळी आठव्या महिन्यात माझा रक्तदाब खूप वाढला होता, लघवीतून प्रथिने जात होती आणि ३४व्या आठवड्यात शस्त्रक्रिया करून बाळंतपण करावे लागले होते. नंतर सगळे पूर्ववत झाले, म्हणून ते कधी कोणाला सांगितले नाही.

पारसिकपार (ऐरोली)

हेच कळायला हवे होते.

पाळी जाताना एलडीएल वाढते, कारण इस्ट्रोजेन यकृताला रक्तातील एलडीएल उचलून घ्यायला मदत करते आणि ते कमी झाले की यकृताची ही उचल मंदावते. अमेरिकेत अनेक वर्षे त्याच स्त्रियांची पुन्हा पुन्हा तपासणी करून केलेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्याला ‘स्वान’ म्हणतात, असे दिसले की शेवटच्या पाळीच्या आधीचे आणि नंतरचे एक वर्ष या अवधीत ही वाढ झपाट्याने होते. ती साधारण दहा ते पंधरा टक्क्यांची असते. आपले १३२ चे १६१ झाले, म्हणजे वाढ बावीस टक्क्यांची आहे. त्यामुळे सगळा दोष पाळीला देऊन मोकळे होऊ नये. या वयात थायरॉइड मंदावल्यामुळेही एलडीएल वाढते, आणि ते न पाहता स्टॅटिन सुरू केले तर स्नायू दुखण्याचा त्रास होण्याची शक्यता वाढते. टीएसएच आधी करून घ्या.

आता १९९७ ची गोष्ट. गरोदरपणात रक्तदाब असा वाढलेल्या स्त्रियांत पुढच्या आयुष्यात हृदयविकार आणि पक्षाघाताचे प्रमाण जास्त आढळते. चाळिशीआधी पाळी गेली असेल किंवा गरोदरपणात मधुमेह झाला असेल, तर तेही असेच जमेस धरतात. एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त असते, तर बहुधा थेट औषधच सुचवले गेले असते. १६१ च्या आसपास मात्र निर्णय एका आकड्यावर होत नाही. वय, रक्तदाब, मधुमेह, तंबाखू किंवा मिश्री हे सगळे मोजून झाल्यावरही पारडे मधोमध राहिले, तर अशी जुनी नोंद ते गोळीच्या बाजूला झुकवते. केवळ पाळी गेली म्हणून स्टॅटिन द्यायचे नसते, आणि पाळीमुळेच वाढले असणार असे म्हणून सोडूनही द्यायचे नसते.

आणखी एक गोष्ट आजच करा. आपला हा इतिहास लेकीच्या डॉक्टरीणबाईंना सांगा. आईला हा त्रास झाला असेल तर लेकीला तो होण्याची शक्यता काहीशी वाढते. येत्या आठवड्यांत तिच्या लिपिडपेक्षा तिचा रक्तदाब जास्त महत्त्वाचा आहे.

खारफुटी (कोपरखैरणे)

हा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवले नाही. एलडीएलबद्दल वर लिहिलेले सारे मान्य आहे, परंतु गरोदरपणात लिपिडकडे पाहूच नये असा अर्थ कोणी काढू नये, कारण ट्रायग्लिसराइडने माझा जीव धोक्यात आला होता.

लग्नाआधी माझे ट्रायग्लिसराइड ४२० होते. वजन फारसे नव्हते, म्हणून कोणी लक्ष दिले नाही. गरोदरपणात मधुमेह निघाला. २९व्या आठवड्यात ओटीभरणाचे जेवण झाले आणि त्याच रात्री बेंबीच्या वर, पाठीपर्यंत जाणारे दुखणे सुरू झाले. वाकून बसल्यावर जरा बरे वाटे, आडवे झाल्यावर जीव नकोसा होई. उलट्या थांबत नव्हत्या. पहिल्या दवाखान्यात आम्लपित्त म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी मोठ्या रुग्णालयात रक्त काढले, तेव्हा नळीतील रक्त काही वेळ ठेवल्यावर वर दुधासारखा थर आला. तो नवऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. ट्रायग्लिसराइड २,३४० होते. स्वादुपिंडाला सूज आली होती.

मला अतिदक्षता विभागात ठेवले, तोंडाने काही न देता सलाईन दिले, आणि इन्सुलिन व ग्लुकोज एकत्र चालू ठेवले. रक्तातील द्रव यंत्राने बदलण्याची तयारी ठेवली होती, पण ती वेळ आली नाही. चौथ्या दिवशी आकडा ४८० वर आला. नंतर दिवसभरात सगळे मिळून जेमतेम वीस ग्रॅम स्निग्ध पदार्थ खाण्याची मुभा होती. फोडणीचे तेल, दुधाची साय, दाणे हे सगळे त्यातच धरायचे होते. बाळ ३६व्या आठवड्यात झाले आणि सुखरूप आहे. माझी वेळेवर एक तपासणी झाली असती तर हे टळले असते, असे मला आजही वाटते.

पारसिकपार (ऐरोली)

खारफुटी, आपण फार मोठ्या संकटातून गेलात. असे दुखणे घेऊन कोणी गरोदर बाई आली तर एक खाचखळगा सांगते. ट्रायग्लिसराइड फार वाढलेले असताना अमायलेजचा आकडा खोटाच सामान्य येऊ शकतो, त्यामुळे त्यावर विसंबून स्वादुपिंड ठीक आहे असे म्हणता येत नाही. लायपेज करावे लागते. आणि दुधाळ रक्त दिसले की प्रयोगशाळेने रिपोर्टाची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करायला हवा. आम्ही तसा नियमच केला होता.

ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर गेले की सावध व्हायचे आणि १,००० च्या वर स्वादुपिंडाचा धोका खरा मानायचा. इतके वाढले तर गरोदरपणातही उपचार करावाच लागतो. आधी आहार आणि साखरेवर ताबा, मग माशाच्या तेलातील ओमेगा-३, आणि तेवढ्याने भागले नाही तर चौथ्या महिन्यानंतर फायब्रेट गटातील औषध, तेही धोका आणि लाभ तोलून आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. मासुंदाकाठ यांच्या लेकीचे २६२ यापासून बरेच दूर आहे.

दिवाळे_बंदर (बेलापूर)

माशाच्या तेलाचा विषय निघाला म्हणून विचारते. आमच्याकडे गरोदर बाईला बांगडा आणि तारली देतात. ट्रायग्लिसराइड थोडे वाढले असेल तर कॅप्सूलऐवजी तेवढे पुरेल का?

पारसिकपार (ऐरोली)

आठवड्यातून दोन वेळा बांगडा किंवा तारली, तळून न खाता कालवणात, हे दोघींनाही चांगले आहे. पण हजाराच्या घरातील ट्रायग्लिसराइड उतरवायला जेवढे ओमेगा-३ लागते तेवढे ताटातून मिळत नाही.

सीवूड्सकर (नवी मुंबई)

तपासणीच्या मुद्द्यावर माझे मत थोडे वेगळे आहे. मी परिचारिका आहे. प्रत्येक गरोदर बाईचे लिपिड तपासले तर शंभरातल्या बहुसंख्य बायकांचे आकडे ठळक छापून येतील, घरोघरी भीती पसरेल आणि औषधाच्या दुकानातून गोळ्या सुरू होतील. हा धागा तशाच भीतीतून सुरू झाला आहे. ज्यांचे ट्रायग्लिसराइड आधीपासून जास्त आहे, ज्यांना मधुमेह आहे किंवा ज्यांच्या घरात लहान वयात हृदयविकार आहे, त्यांचीच तपासणी व्हावी.

खारफुटी (कोपरखैरणे)

ताई, तुमच्या यादीत मी बसत होते आणि तरीही तपासणी झाली नाही, कारण आधीचा आकडा कोणी विचारलाच नाही. यादी असून उपयोग काय, जर नाव नोंदवताना तो प्रश्न फॉर्मवर नसेल? मला तरी एकदा सुरुवातीला सर्वांचीच तपासणी होणे जास्त सुरक्षित वाटते.

वाशी_खाडीपूल

मी ५१ वर्षांची आहे. पाळी जाऊन आठ महिने झाले आहेत, रात्री घामाने अंथरूण भिजते. मैत्रिणीने सांगितले की हार्मोनच्या गोळ्यांनी घामही थांबतो आणि कोलेस्टेरॉलही उतरते, मग स्टॅटिन लागतच नाही. माझे ट्रायग्लिसराइड ३९० आहे. हे खरे आहे का?

पारसिकपार (ऐरोली)

अर्धे खरे आहे, आणि राहिलेले अर्धे आपल्यासाठी धोक्याचे आहे. तोंडाने घेतलेले इस्ट्रोजेन एलडीएल उतरवते आणि एचडीएल वाढवते. त्यावरून हृदयविकारही टळेल असे पूर्वी मानले जात होते. परंतु अमेरिकेतील मोठ्या चाचणीतील इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र देण्याचा भाग २००२ मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला, कारण हृदयविकार टळणे दूरच, एकूण हानी लाभापेक्षा जास्त दिसली. म्हणून कोलेस्टेरॉलसाठी हार्मोन देत नाहीत. घामाचा त्रास फार असेल, वय साठीच्या आत असेल आणि पाळी जाऊन दहा वर्षे झालेली नसतील, तर त्या त्रासासाठी डॉक्टर ते विचारपूर्वक देतात.

आपल्या बाबतीत ३९० हा आकडा महत्त्वाचा आहे. पोटातून गेलेले इस्ट्रोजेन आधी यकृतात जाते आणि ट्रायग्लिसराइड वाढवते. खारफुटींच्या बाबतीत गरोदरपणाने जे केले, त्याच दिशेचे काम ते करते. त्वचेवरची पट्टी किंवा जेल यकृताला वळसा घालून रक्तात जाते, म्हणून ट्रायग्लिसराइड जास्त असलेल्या स्त्रियांत तिचा विचार आधी होतो. हा रिपोर्ट हातात घेऊनच डॉक्टरांकडे जा.

मासुंदाकाठ (ठाणे)

सहा आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे. लेकीला ३७व्या आठवड्यात मुलगी झाली. आपल्या सांगण्यावरून मी माझा इतिहास डॉक्टरीणबाईंना सांगितला. त्यांनी रक्तदाब दर आठवड्याला तपासला आणि शेवटच्या आठवड्यात तो १४६/९४ निघाला, म्हणून कळा येण्याची वाट न पाहता बाळंतपण करून घेतले. दोघी घरी आहेत. रक्तदाब अजून दिवसातून दोनदा घरी मोजतो.

माझे टीएसएच ९.६ आले. थायरॉइडची गोळी सुरू झाली आहे. फिजिशियन म्हणाले की तीन महिन्यांनी एलडीएल पुन्हा पाहू, आणि तरीही १३० च्या खाली आले नाही तर १९९७ ची नोंद लक्षात घेऊन स्टॅटिन सुरू करू. दुसऱ्या एका डॉक्टरांनी मात्र हृदयाच्या धमन्यांतील कॅल्शियम मोजणारा सीटी स्कॅन करून मगच ठरवावे असे सांगितले. या दोन मतांत मी अजून अडकलेली आहे.

लेकीचे लिपिड पुन्हा कधी तपासावे? ती अंगावर पाजते आहे.

पारसिकपार (ऐरोली)

नातीचे अभिनंदन. ट्रायग्लिसराइड बाळंतपणानंतर लवकर उतरते, सहा आठवड्यांत बहुधा मूळ पातळीजवळ येते. एलडीएलला जास्त वेळ लागतो, म्हणून तीन महिन्यांच्या आत तपासू नका, नाहीतर पुन्हा ठळक आकडा दिसेल आणि पुन्हा घाबराल. तेव्हाही १६० च्या वर राहिले तर तो गरोदरपणाचा परिणाम नसून तिचा स्वतःचा आकडा असण्याची शक्यता धरून चालावे लागेल.

सीटी स्कॅनबद्दल सांगायचे तर शून्य कॅल्शियम आले तर गोळी काही वर्षे पुढे ढकलण्यास आधार मिळतो, पण या वयातील बायकांत शून्य येणे नेहमीचे आहे, आणि आपला रक्तदाब व १९९७ ची नोंद त्याने पुसली जात नाही. मी असते तर आधी थायरॉइडनंतरचा एलडीएल पाहिला असता.

नेरूळ_पश्चिम

मी असते तर स्कॅन आधी केला असता. आजोबांचे उदाहरण घरात असल्यामुळे माझा धीर कमी आहे, हेही खरे. आणि मासुंदाकाठ, लेकीच्या फाइलमध्ये तो १४६/९४ चा कागद जपून ठेवा. पंचवीस वर्षांनी तिला हा प्रश्न कोणीतरी विचारेल.